दुधाच्या बिलाचा स्क्रीनशॉट एक्सेलमध्ये उतरवताना: आकडा बरोबर वाचला गेला हे कसं ओळखायचं

गावच्या दूध संकलन केंद्राकडून दर दहा दिवसांनी बिल येतं. आता बऱ्याच ठिकाणी ते व्हॉट्सअॅपवर चित्र म्हणून येतं किंवा अॅपमध्ये दिसतं आणि शेतकरी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो. तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक, दर, रक्कम, आणि खाली बेरीज. वर्षभराची अशी छत्तीस चित्रं फोनमध्ये साठतात. मग कुणाला तरी वाटतं की हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये असतं तर कळलं असतं, कुठल्या महिन्यात फॅट घसरली, पेंड बदलल्यावर काय फरक पडला, दर कधी कमी झाला.

एका बिलात वीस ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच आकडे. हाताने टाइप करायला बसलं की पहिल्या दोन बिलांतच उत्साह संपतो. चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी सॉफ्टवेअर इथे खरंच उपयोगी पडतात. या तंत्राला सगळे ओसीआर म्हणतात, आपणही तेच म्हणू. काम मिनिटात होतं, पण शीटमध्ये उतरलेले आकडे दिसायला अगदी स्वच्छ असतात आणि त्यातले काही चुकीचे असतात. म्हणून या लेखात उतरवण्यापेक्षा तपासण्यावर जास्त बोलू.

त्याआधी एक पाहून घ्या: चित्राची गरज आहे का? बिल पीडीएफ असेल तर ते संगणकावर उघडून एखादा आकडा माउसने निवडून बघा. तो निवडला गेला तर आत खरा मजकूर आहे, आणि विंडोजवरच्या नव्या एक्सेलमध्ये `Data > Get Data > From File > From PDF` या वाटेने टेबल थेट आणता येतं. तिथे काही ओळखायचंच नसतं, त्यामुळे 3 चा 8 होण्याची भीती नाही. केंद्रचालकाला एक्सेल फाइलच मागून बघायलाही हरकत नाही, कारण त्याच्या संगणकात हे आकडे आकडे म्हणूनच पडलेले असतात. दोन्ही जमलं नाही तरच पुढचा खटाटोप.

यंत्र चित्र वाचतं म्हणजे काय करतं, हे थोडं समजून घेतलं की चुका कुठे होणार याचा अंदाज येतो. स्क्रीनशॉट म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. ओसीआर आधी त्यात ओळी शोधतं, मग ओळींमधल्या मोकळ्या जागांवरून किंवा आखलेल्या रेघांवरून स्तंभ ठरवतं, आणि मग एकेका ओळीतल्या आकारांवरून अक्षरं ठरवतं. शब्द वाचताना त्याला भाषेची मदत मिळते. ‘संध्याकाळ’ मधलं एखादं अक्षर पुसट असलं तरी आजूबाजूच्या अक्षरांवरून ते सावरतं. आकड्यांना हा आधार नाही. 33.60 ही जितकी शक्य संख्या आहे तितकीच 38.60 ही आहे. 3 ची डावी बाजू दोन ठिपक्यांनी भरून गेली की यंत्र 8 म्हणतं, आणि ते चुकीचं वाटावं असं त्याच्याकडे काहीच नसतं.

दुसरी नाजूक गोष्ट म्हणजे दशांश चिन्ह. फोनच्या स्क्रीनवर ते दोन-तीन ठिपक्यांचं असतं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकाराने कमी केलं जातं, कडा धूसर होतात, आणि तो टिंब पार्श्वभूमीत विरघळतो. 12.6 लिटरचे 126 होतात.

म्हणून निम्मं काम चित्र घेतानाच करायचं असतं. बिल अॅपमध्ये असेल तर ते आधी मोठं करा आणि मग स्क्रीनशॉट काढा, भले दोन तुकड्यांत काढावा लागला तरी. नंतर चित्र ताणून मोठं केलं तर थोडी मदत होते, पण हरवलेला टिंब परत येत नाही. डार्क मोड बंद करा. चित्र दुसऱ्याकडून येणार असेल तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. आणि चित्र कापताना वरचे बटणं, नावं, जाहिरात काढून टाका, पण खालची बेरजेची ओळ अजिबात कापू नका. अनेक जण ती कापतात, कारण बेरीज एक्सेल करेलच असं वाटतं. पुढे तपासताना छापलेली बेरीज हाच आपला मुख्य साक्षीदार असतो.

आता उतरवणं. बिल इंग्रजी अंकांत असेल तर सर्वात सोपं साधन म्हणजे मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या एक्सेलची चित्रावरून डेटा घेण्याची सोय. `Data` टॅबमध्ये `From Picture` आहे. तिथे फाइल निवडता येते, किंवा चित्र कॉपी केलेलं असेल तर क्लिपबोर्डवरूनही घेता येतं. फोनवरच्या एक्सेलमध्येही ही सोय आहे. बाजूला एक चौकट उघडते, त्यात वाचलेलं टेबल दिसतं, ज्या खान्यांबद्दल शंका आहे ते रंगवून दाखवलेले असतात. `Review` दाबत एकेक बघायचं, दुरुस्त करायचं, आणि `Insert Data` दाबायचं. ही सोय लॅटिन लिपीतल्या भाषांसाठी आहे, त्यामुळे वरची मराठी शीर्षकं आणि स./सं. अशी अक्षरं बिघडून येतील. शीर्षकं हाताने लिहा, त्यात वेळ जात नाही.

संगणकावर काळ्या पडद्यात आज्ञा टाइप करायची सवय असेल तर टेसरॅक्ट हा फुकट आणि मुक्त प्रोग्रॅम आहे. मराठीची भाषा-फाइल बसवली की त्याला मराठीही वाचता येते, आणि चित्र आपल्या संगणकाबाहेर जात नाही. बिलावर खातेक्रमांक असेल तर हा मुद्दा लहान नाही.

```
tesseract bill.png bill -l mar+eng --psm 6 -c preserve_interword_spaces=1
```

`--psm 6` म्हणजे सगळं चित्र मजकुराचा एकच ठोकळा समजून ओळीने वाच. ते दिलं नाही तर यंत्र स्तंभांना वेगवेगळे परिच्छेद समजून तारखा एकीकडे आणि रकमा दुसरीकडे टाकू शकतं. निघालेली `bill.txt` एक्सेलमध्ये चिकटवून `Data > Text to Columns` ने खाने पाडायचे.

एक सल्ला काही ठिकाणी दिला जातो की फक्त अंकच वाचायला सांगा, म्हणजे शून्याच्या जागी O येणार नाही. टेसरॅक्टला तशी मुभा देता येते. मला ती पटत नाही. O आलं की निदान ते दिसतं, सूत्र अडखळतं. फक्त अंकांची सक्ती केली की यंत्र रुपयाच्या चिन्हालाही कुठल्या तरी अंकात बसवतं, आणि ₹296.70 चे 7296.70 झाले तर त्यात खटकण्यासारखं काही उरत नाही. चूक होणारच असेल तर ती ओरडणारी असावी.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. आकडे मी नमुन्यासाठी बनवलेत, गायीच्या दुधाच्या तीन दिवसांचे. स्लिपवर इंग्रजी अंक असतात आणि इथे अंकांच्या आकारालाच महत्त्व आहे, म्हणून शीटमधले आकडे तसेच लिहितो. मूळ चित्रात हे आहे:

```
तारीख  वेळ  लिटर  फॅट  एसएनएफ  दर     रक्कम
01/11  स.   12.6  3.8  8.5     33.30  419.58
01/11  सं.   9.4  4.0  8.5     33.90  318.66
02/11  स.   13.0  3.7  8.4     32.70  425.10
02/11  सं.   9.8  3.9  8.5     33.60  329.28
03/11  स.   12.2  3.8  8.5     33.30  406.26
03/11  सं.   8.6  4.1  8.6     34.50  296.70
एकूण        65.6                      2195.58
```

आणि शीटमध्ये उतरलं ते असं. डावीकडे एक्सेलचा ओळ क्रमांक आहे. तारीख A स्तंभात, लिटर C मध्ये, रक्कम G मध्ये.

```
2  01/11  स.   126   3.8  8.5  33.30  419.58
3  01/11  सं.  9.4   4.0  8.5  33.90  318.66
4  02/11  स.   13.0  3.7  8.4  32.70  425.1O
5  02/11  सं.  9.8   3.9  8.5  38.60  329.28
6  03/11  स.   12.2  3.8  8.5  33.30  466.26
7  03/11  सं.  8.6   4.7  8.6  34.50  296.70
8  एकूण        65.6                   2195.58
```

यात पाच चुका आहेत. दोन्ही टेबलं शेजारी ठेवून शोधली तर सापडतील, पण वीस ओळींच्या छत्तीस बिलांना डोळे पुरणार नाहीत. शीटलाच कामाला लावू.

पहिली तपासणी अगदी साधी: जे आकडे असायला हवेत ते खरोखर आकडे आहेत का? सहा ओळी गुणिले पाच स्तंभ म्हणजे ३० आकडे.

```
=COUNT(C2:G7)
```

`COUNT` फक्त संख्या मोजतं. उत्तर २९ आलं. म्हणजे एका खान्यात आकड्यासारखं दिसणारं पण आकडा नसलेलं काहीतरी बसलंय. खान्यांचं अलाइनमेंट मुद्दाम बदललेलं नसेल तर एक्सेल संख्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे लावतं, त्यामुळे G4 लगेच दिसतो. शेवटी शून्य नाही, O आहे.

ही तपासणी सर्वात आधी का, ते बघा. ती न करता रकमेची बेरीज केली असती तर `SUM` ने G4 मुकाट्याने वगळला असता. कुठलीही तक्रार न करता 1830.48 दिलं असतं. छापलेल्या बेरजेपेक्षा ते 365.10 ने कमी, आणि त्या 365.10 वरून काहीच सुचत नाही, कारण त्यात दोन वेगळ्या चुका मिसळल्या आहेत. चित्रात बघून G4 मध्ये 425.10 लिहिलं की बेरीज 2255.58 होते आणि फरक बरोबर 60.00 उरतो. आता तो बोलायला लागला.

60 म्हणजे दशकाच्या जागी ६ चा फरक. ओसीआरच्या चुका आकाराच्या असतात, त्यामुळे कुठले अंक एकमेकांत मिसळतात हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे, आणि त्यांच्यातला फरकही ठरलेला आहे. 3 आणि 8 मध्ये ५, 5 आणि 6 मध्ये १, 6 आणि 8 मध्ये २, 1 आणि 7 मध्ये ६, 0 आणि 6 मध्येही ६. म्हणजे रकमेच्या स्तंभात दशकाच्या जागी 0 चा 6 किंवा 1 चा 7 झालेला असू शकतो. वाचलेली बेरीज जास्त आहे, म्हणून दशकाच्या जागी आता 6 किंवा 7 दिसत असलेली रक्कम शोधायची. स्तंभात खाली बघा: 419, 318, 425, 329, 466, 296. एकच आहे, 466.26. चित्रात तिथे 406.26 आहे.

लिटरच्या बेरजेचंही असंच. वाचलेल्यांची बेरीज 179.0, छापलेली 65.6, फरक 113.4. हाताने आकडे लिहिणारे जुने हिशेबनीस फरकाला ९ ने भाग जातो का ते बघत, कारण दोन अंकांची अदलाबदल झाली, 54 चे 45 झाले, की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. ओसीआर सहसा अशी अदलाबदल करत नाही, तो माणसाच्या बोटांचा दोष आहे. पण टिंब हरवला की संख्या दहापट होते, म्हणजे खऱ्या आकड्याची नऊपट जास्तीची मिळते. म्हणून 113.4 ला ९ ने भागा. 12.6. हरवलेला आकडाच हातात आला. रकमेत दोन दशांश स्थळं असतात, तिथे टिंब गेला तर संख्या शंभरपट होते आणि ९९ ने भागावं लागतं.

दुसरी तपासणी ओळीतल्या ओळीत. लिटर गुणिले दर म्हणजे रक्कम व्हायला हवी. H2 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=ROUND(C2*F2-G2,2)
```

बरोबर असलेल्या ओळीत शून्य येईल. G4 आणि C2 वर दुरुस्त झाले असं धरलं तर आता फक्त पाचव्या आणि सहाव्या ओळीत काहीतरी दिसेल. सहाव्या ओळीत −60.00, ती आपल्याला बेरजेतून आधीच कळली होती. पाचव्या ओळीत 49.00. ही चूक बेरजेला कधीच सापडली नसती, कारण दराची बेरीज कुणी करत नाही. 49.00 ला त्या ओळीच्या 9.8 लिटरने भागा: बरोबर 5. म्हणजे दर पाच रुपयांनी जास्त वाचला गेला. एककाच्या जागी ५ चा फरक आणि तिथे 8 दिसतोय, तर तो मुळात 3 असणार. चित्रात 33.60 आहे.

काही केंद्रं पैशांचं पूर्णांकन वेगळं करतात, त्यामुळे या स्तंभात एक-दोन पैशांचे फरक दिसू शकतात. ते सगळ्या ओळींत थोडेथोडे विखुरलेले असतील तर दुर्लक्ष करा. एकाच ओळीत 0.05 किंवा 0.06 आला तर मात्र थांबा, कारण पैशाच्या शेवटच्या अंकातही 3 चा 8 होतो.

आता सातवी ओळ. फॅट 4.1 ची 4.7 झाली आहे. संख्या आहे म्हणून `COUNT` समाधानी. फॅट गुणाकारात नाही, म्हणून H7 शून्य. फॅटची बेरीज नाही. गायीच्या दुधाला 4.7 फॅट अशक्यही नाही, तेव्हा ‘३ ते ५ च्या बाहेरचं दाखव’ अशी मर्यादा घातली तरी ती सुटून जाते. एसएनएफ 8.5 चे 85 झाले असते तर त्या मर्यादेने पकडलं असतं. इथे ती आंधळी आहे. आणि सगळा उद्योग फॅटचा कल बघण्यासाठी चालला असेल तर नेमकी हीच चूक सर्वात महागात पडते.

इथे दूध डेअरीची स्वतःची पद्धत उपयोगी येते. दर मनाला येईल तसा लागत नाही, फॅट आणि एसएनएफच्या दरपत्रकावरून लागतो. गायीच्या दुधासाठी महाराष्ट्रात 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हे पायाचं प्रमाण धरतात आणि त्यावर-खाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे 0.1 ला, ठरावीक पैसे वाढतात किंवा कापले जातात. त्यामुळे एकाच दरपत्रकाच्या काळात सारखी फॅट आणि सारखा एसएनएफ असलेल्या दोन ओळींचा दर सारखाच असला पाहिजे. आपल्या नमुन्यात मी फॅटच्या एका पॉइंटला ३० पैसे आणि एसएनएफच्या एका पॉइंटला ३० पैसे असा हिशेब ठेवलाय, म्हणजे दर पूर्ण एककाला 3 रुपये. 3.8 आणि 8.5 ला 33.30 हे दोन ओळींत जुळतंय, ते पक्कं धरू. I2 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=ROUND(33.3+(D2-3.8)*3+(E2-8.5)*3-F2,2)
```

सातव्या ओळीत 1.80 येतं, बाकी सगळीकडे शून्य. 1.80 भागिले 0.30 म्हणजे सहा पॉइंट, म्हणजे फॅट 0.6 ने जास्त वाचली गेली असावी. ६ चा फरक, समोर 7 दिसतोय, म्हणजे मूळ 1. चित्र उघडून बघा, 4.1 आहे. एसएनएफ सहा पॉइंटने चुकला असता तरी हाच फरक आला असता, हे लक्षात ठेवा. सूत्र फक्त ओळ दाखवतं, खाना नाही.

खऱ्या दरपत्रकात अनेकदा अशी सरळ चढण नसते. ठरावीक फॅटच्या खाली कपात जास्त असते, मध्ये टप्पे असतात. तेव्हा हे सूत्र चालणार नाही. त्याऐवजी वर्षभराच्या सगळ्या ओळी एकत्र करून त्या फॅट, एसएनएफ आणि दर या क्रमाने सॉर्ट करा. सारख्या जोड्या एकाखाली एक येतात आणि त्यांच्यातला परका दर लगेच डोळ्यात भरतो. मध्येच दरपत्रक बदललं असेल तर आधी तारखेवरून दोन गट पाडायचे, नाहीतर सगळंच परकं दिसेल.

एक नियम मी मात्र कडक पाळायला सांगेन. सूत्राने सुचवलेला आकडा थेट खान्यात भरायचा नाही. आधी चित्रातला तो खाना मोठा करून बघायचा आणि तिथे जे आहे तेच लिहायचं. कारण गुणाकार न जुळण्याची दोन कारणं असू शकतात: यंत्राने चुकीचं वाचलं, किंवा मुळात बिलच चुकीचं बनलं. दुसऱ्या प्रकारची चूक म्हणजे शेतकऱ्याचे खरे पैसे असतात. रक्कम स्तंभात सरळ लिटर गुणिले दर असं सूत्र टाकून सगळं ‘जुळवून’ घेतलं तर शीट नीटनेटकं होईल आणि ती चूक कायमची पुसली जाईल. चित्रातही 466.26 च दिसत असेल तर ते तसंच ठेवा, खान्याला रंग द्या आणि केंद्रावर जाऊन विचारा.

एक्सेलने चौकटीत रंगवून दाखवलेल्या शंकास्पद खान्यांचं काय? ते बघावेत, पण त्यावर विसंबू नये. यंत्राला शंका आली नाही म्हणजे वाचन बरोबर असं होत नाही. धूसर 3 त्याला अगदी ठामपणे 8 वाटू शकतो. टेसरॅक्ट प्रत्येक शब्दाला ० ते १०० मध्ये खात्रीचा आकडा देतं, आज्ञेच्या शेवटी `tsv` लिहिलं की तो `conf` नावाच्या स्तंभात मिळतो. कुठून बघायला सुरुवात करायची ते ठरवण्यासाठी तो ठीक आहे, कुठे थांबायचं हे ठरवण्यासाठी नाही.

स्वच्छ दिसणारा आकडा किती फसवू शकतो याचा गाजलेला दाखला २०१३ सालचा आहे, आणि त्यात ओसीआर नव्हतंही. जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सची काही स्कॅनर-कॉपिअर यंत्रं कागद स्कॅन करताना आकडेच बदलत होती. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून पुन्हा पुन्हा वापरायचं, आणि लहान अक्षरांत त्याला वेगळे तुकडेही सारखेच वाटायचे. इमारतीच्या एका नकाशात 14.13, 21.11 आणि 17.42 चौरस मीटरच्या तीन खोल्या होत्या. प्रतीत तिन्हींवर 14.13 आलं. आकडे ठळक, सुबक, कुठेही धूसर नाहीत. चूक कळली ती मोठ्या खोलीवर लहान खोलीचं क्षेत्रफळ दिसल्यामुळे. आकडा दिसतो कसा यावरून नव्हे, शेजारच्या गोष्टीशी जुळत नाही यावरून.

आता उरले ते स्तंभ ज्यांना असा शेजारी नाही. तारखेचा एक वेगळाच सापळा आहे. 01/11 हे एक्सेलने १ नोव्हेंबर समजायचं की ११ जानेवारी, हे संगणकाच्या प्रदेश सेटिंगवर ठरतं. सेटिंग अमेरिकेचं असेल तर १२ तारखेपर्यंतच्या ओळी महिना-दिवस उलटून तारखा बनतात आणि तारखेत साल असेल तर १३ पासूनच्या मजकूर म्हणून राहतात, कारण तेरावा महिना नसतो. एकाच स्तंभात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की हेच झालंय. उतरवण्याआधी तारखेचा स्तंभ `Text` करून ठेवा, किंवा सरळ पहिली तारीख हाताने लिहून बाकीच्या सूत्राने चढत्या भरा. बिलात प्रत्येक दिवसाच्या दोन ओळी असायला हव्यात. नसतील तर एखादी पाळी बुडालेली आहे की यंत्राने ओळच गिळली, ते चित्रातल्या ओळी मोजून कळतं.

सभासद क्रमांक 0047 असेल तर एक्सेल त्याचे 47 करतं, तोही स्तंभ `Text` हवा. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये पाचवी जागा नेहमी शून्याची असते आणि एकूण अक्षरं ११, तेवढं तरी पडताळता येतं. खातेक्रमांकासाठी मात्र बिलात कुठलीच बेरीज किंवा गुणाकार नाही. तो ओसीआरने उतरवूच नका, पासबुकावरून टाइप करा आणि दुसऱ्या कुणाला तरी उलट्या क्रमाने वाचून दाखवायला सांगा.

बिल देवनागरी अंकांत असेल तर १ आणि ९ वर जास्त लक्ष ठेवा, आणि उतरवल्यावर लगेच शोधा-बदला करून सगळे अंक 0 ते 9 मध्ये आणा. त्यानंतर पुन्हा `COUNT` पासून सुरुवात.

शीटच्या शेवटी एक जादा स्तंभ ठेवून त्यात मूळ चित्राच्या फाइलचं नाव लिहा. सहा महिन्यांनी एखादा फॅटचा आकडा विचित्र वाटला तर कुठलं चित्र उघडायचं ते शोधत बसावं लागणार नाही, आणि व्हॉट्सअॅपमधून चित्रं पुसण्याआधी ती त्याच नावांनी शीटशेजारी एका फोल्डरमध्ये हलवून ठेवलेली असली पाहिजेत.